यॉर्कच्या कॅथीड्रलवरचा शिकाऊ पाथरवट

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या यॉर्क शहरात सेंट पीटरचे एक प्रचंड कॅथीड्रल आहे. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. आज त्याला यॉर्क मिन्स्टर म्हणतात. त्याचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंच्या मंडळाने १३७० साली बांधकामावरच्या पाथरवटांसाठी नियम लिहून काढले. अठरा वर्षांपूर्वी, १३५२ मध्ये, असेच नियम केले होते तेव्हा ते लॅटिनमध्ये होते. या वेळचे मात्र साध्या, उत्तरेकडच्या बोलीतल्या इंग्रजीत आहेत. ज्यांनी पाळायचे त्यांना ऐकून कळावेत, हा हेतू उघड दिसतो. कामावर कधी यायचे, जेवायला किती वेळ घ्यायचा, दुपारी डोळा मिटायची मुभा कोणत्या महिन्यांत, सगळे त्यात आहे. आणि शेवटी एक शाप आहे. हे नियम जो मोडेल त्याला देवाचा आणि सेंट पीटरचा शाप लागो.

कामाच्या वेळापत्रकाखाली शाप का लिहावा लागला? मला याचे उत्तर दगडात सापडते. ते सांगण्यासाठी या बांधकामावरच्या एका शिकाऊ मुलाची गोष्ट सांगतो. मुलगा कल्पनेतला आहे. त्या काळच्या हिशेबांत शिकाऊ मुलांची नावे शोधून सापडणे अवघड, कारण त्यांची मजुरी त्यांच्या गुरूच्याच हातात पडत असे. पण त्याच्या भोवतीचे दगड, हत्यारे, नियम आणि प्रार्थना त्या काळातल्याच आहेत.

१३७० च्या वसंतात तो चौदा वर्षांचा आहे. तो पाच वर्षांचा असताना, १३६१ मध्ये, प्लेगची दुसरी साथ आली. १३४९ च्या पहिल्या साथीने सगळ्यांनाच नेले होते. दुसऱ्या साथीत मुले फार गेली, म्हणून लोक तिला मुलांची साथ म्हणत. आपल्या मुलाची दोन भावंडे तीत गेली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आर्चबिशप जॉन थोर्सबी यांनी कॅथीड्रलच्या पूर्वेकडच्या नव्या भागाचा पाया घातला. हा भाग मारियामातेला वाहिलेला होता, आणि थोर्सबी त्यासाठी वर्षाला २०० पौंड देत होते. ज्या भिंतीवर मुलगा आता कामाला आला आहे ती अशी त्याच्या घरच्या दुःखाच्या वयाची आहे.

त्याचा गुरू म्हणजे त्याचा सख्खा काका. हा धंदा बहुधा असाच घरातून घरात जाई. करार सात वर्षांचा. लंडन शहराने १३५६ मध्ये पाथरवटांसाठी जे नियम केले त्यात सात वर्षांहून कमी मुदतीने शिकाऊ घ्यायला मनाई होती, आणि पुरता शिकेपर्यंत त्याला गुरूच्या डोळ्यांआड काम द्यायलाही. पाथरवटांच्या धर्म-आचाराची जी हस्तलिखिते पुढच्या काही दशकांत तयार झाली त्यांतही सातच वर्षे येतात. मुलगा कुणाचा वेठबिगार नसावा, हातपाय धड असावेत आणि लॉजमधले बोलणे त्याने बाहेर नेऊ नये, अशा अटीही त्यांत आहेत.

लॉज म्हणजे चर्चच्या आवारातली पाथरवटांची कामाची पडवी. इथेच ते दगड घडवत, जेवत आणि उन्हाळ्यात दुपारी थोडे लवंडत. यॉर्क शहरात इतर धंद्यांच्या गिल्ड होत्या, म्हणजे कारागिरांच्या संघटना, आणि शहरातल्या पाथरवटांचीही होती. पण कॅथीड्रलवरचा पाथरवट गिल्डच्या नव्हे, धर्मगुरूंच्या मंडळाच्या हुकमाखाली काम करी. त्याला नियम घालून देणारे आणि त्याच्यासाठी मिस्सा म्हणणारे एकाच घरचे होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

पहिले वर्षभर मुलाच्या हाती छिन्नी येत नाही. तो पाणी भरतो, लोहाराकडे बोथट हत्यारे नेतो आणि धार लावून परत आणतो. ३० वर्षांनंतरची, १३९९ सालची, या लॉजमधल्या सामानाची यादी शिल्लक आहे. तीत दगड तासायच्या ६९ कुऱ्हाडी, ९६ लोखंडी छिन्न्या, लोखंडाची पट्टी बसवलेल्या २४ मोगऱ्या, एक लोखंडी कंपास आणि आराखडे काढायचे दोन फळे आहेत. इतक्या कुऱ्हाडी पाहून आश्चर्य वाटेल, पण हा दगड कुऱ्हाडीने तासता येतो. तो मलईच्या रंगाचा, मॅग्नेशियम असलेला चुनखडक आहे, आणि खाणीतून नुकता निघालेला असतो तेव्हा त्यात पाणी असते. तेव्हा तो मऊ असतो. वाऱ्यावर पाणी निघून गेले की त्याचा बाहेरचा भाग कठीण होतो. म्हणून घडाई शक्यतो तो ओला आहे तोवर उरकायची.

दगड येतो यॉर्कच्या नैर्ऋत्येला टॅडकॅस्टर गावाजवळच्या खाणींतून. रोमन लोकांनीही यॉर्क वसवताना याच पट्ट्यातला दगड वापरला होता. खाणीपासून वार्फ नदीपर्यंत गाड्या, तिथून नावा, मग वार्फ जिथे ऊझ नदीला मिळते तिथून ऊझमधून वर यॉर्ककडे. त्या काळी समुद्राच्या भरतीचे पाणी यॉर्कपर्यंत चढत असे, त्यामुळे नावाडी भरतीची वाट पाहत. धक्क्यावरून घसरगाड्यांनी ओढत दगड चर्चच्या आवारात येई. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच असा एक दगड सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. तो खाणीतच ढोबळ आकाराचा करून आणत. वाया जाणाऱ्या कपच्यांना वाहतूक कोण देणार?

मुलाचा पहिला खरा धडा या दगडांच्या ढिगापाशी होतो. काका म्हणतो, "हात लाव. यात झोपलेली बाजू कोणती?"

चुनखडक समुद्राच्या तळाशी साचून बनतो. वर्षानुवर्षे गाळ बसत जातो, एकावर एक थर चढतात, आणि वरच्या वजनाने ते दाबले जातात. पुस्तकाच्या पानांसारखे हे थर एकमेकांवर आडवे पडलेले असतात. दगड भिंतीत बसवताना तो जमिनीत जसा आडवा पडला होता तसाच पडला पाहिजे, म्हणजे भिंतीचे वजन सगळ्या पानांवर वरून येते आणि ती घट्ट मिटलेली राहतात. तोच दगड उभा केला आणि पाने भिंतीच्या तोंडाला समांतर आली, तर पाऊस आणि थंडी पानांमध्ये शिरते. आत गेलेले पाणी गोठले की फुगते, आणि बाहेरचे पान सुटते. मग पुढचे. दगड तोंडाकडून सोलत जातो. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला आहे, त्यात असे गाळाचे थर नसतात. त्यामुळे आपल्या पाथरवटाला ही चिंता तितकीशी नाही.

थर ओळखणे सोपे नाही. यॉर्कचा दगड बारीक कणांचा आहे आणि ताज्या तुकड्यावर थर दिसतच नाहीत. काका त्याला दोन-तीन मार्ग शिकवतो. दगडावर पाणी शिंपडायचे आणि तो सुकताना बघत राहायचे. काही थर आधी सुकतात, काही उशिरा, आणि मध्येच क्षणभर फिकट-गडद रेषा उमटतात. शिंपल्याचा एखादा तुकडा दिसला तर तो कसा पडला आहे ते पाहायचे, कारण शिंपला गाळात आडवा पडतो. आणि कुऱ्हाडीची धार कुठल्या दिशेने सहज चालते ते हाताला कळू द्यायचे. तडा असेल तर मोगरी मारून कळतो. निरोगी दगड खणखणतो, आत तडा असलेला बद्द वाजतो.

या सगळ्या काळात मुलावर घंटेची सत्ता आहे. १३७० च्या नियमांत कामाच्या सगळ्या वेळा खास नेमलेल्या घंटेने ठरतील असे स्पष्ट म्हटले आहे. सप्टेंबर अखेरच्या सेंट मायकेलच्या सणापासून उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत हिवाळी वेळा: हात चालण्याइतका उजेड झाला की काम सुरू, आणि उजेड असेपर्यंत काम. बाकीच्या वर्षात सूर्योदयाला हजर व्हायचे आणि सूर्यास्ताच्या थोडे आधी सुटायचे. "थोडे" किती, हेही सांगितले आहे: एक मैल चालायला लागेल तितका वेळ, म्हणजे आपल्या वीसएक मिनिटांइतका. यॉर्क इतक्या उत्तरेला आहे की जूनमध्ये दिवस सुमारे १७ तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये साडेसातचा. दुपारच्या जेवणाला फार तर तासभर. त्यानंतर लॉजमध्येच काही प्यायला सुट्टी, ती उन्हाळ्यात एक मैलाची आणि हिवाळ्यात अर्ध्या मैलाची. दुपारी झोपायला परवानगी फक्त मे महिन्याच्या सुरुवातीच्या सेंट हेलेनाच्या दिवसापासून १ ऑगस्टच्या सणापर्यंत, आणि तीही एक मैलभरच. नियम मोडला तर मुख्य पाथरवट ठरवेल तेवढी मजुरी कापली जाई. त्या वेळी मुख्य पाथरवट होता रॉबर्ट पॅट्रिंग्टन.

मला हे नियम कठोर वाटतात, पण त्यांत एक शहाणपणही दिसते. सतरा तासांच्या दिवसात कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसाला वीस मिनिटे डोळा मिटू दिला नाही, तर चौथ्या प्रहरी तो दगडही बिघडवील आणि बोटही.

तिसऱ्या वर्षी मुलाला साधा चौकोनी दगड घडवायला मिळतो. दगड बाकावर ठेवायचा. आधी एका कडेने छिन्नीने बोटभर रुंदीची सरळ पट्टी काढायची आणि तिच्यावर लाकडी पट्टी ठेवून पारखायची. मग समोरच्या कडेने तशीच दुसरी पट्टी. आता दोन्ही पट्ट्यांवर एकेक लाकडी पट्टी उभी ठेवून डोळा मिटून एकीच्या काठावरून दुसरीचा काठ बघायचा. दोन्ही काठ एका रेषेत आले नाहीत तर पृष्ठभाग पीळ खाल्लेला आहे. रेषेत आले की दोन्ही पट्ट्या जोडायच्या आणि मधला उंचवटा कुऱ्हाडीने तासून खाली आणायचा. असा एक चेहरा सपाट झाला की बाकीचे पाच त्याच्यावरून, गुण्याने काटकोन तपासत.

मुलगा चार दिवस एका दगडावर खपतो. कडा धारदार, चेहरा गुळगुळीत. काका येतो, गुण्या लावतो, काही बोलत नाही. मग चिंधी बुचकळून दगडावर पाणी फिरवतो आणि वाट बघत उभा राहतो. सुकताना चेहऱ्यावर एकही रेषा उमटत नाही. रेषा दिसतात त्या वरच्या बाजूवर, चेहऱ्याला समांतर. मुलाने दगड फिरवताना झोपलेली बाजू उभी केली आहे. हा भिंतीत बसवला तर पाने बाहेरच्या तोंडाला येतील.

"पण काका, मी गुण्या लावून पाहिला. सगळे कोन बरोबर आहेत."

"कोन बरोबर आहेत. गुण्याला थर कळत नाही, पोरा. तो तुला कळला पाहिजे."

मुलगा दबक्या आवाजात विचारतो, हा असाच बसवला तर कुणाला कळेल? प्रश्न खरा आहे. मुख्य पाथरवट रेषा पाहील, कोन पाहील, सांधा पाहील. कोरडा दगड भिंतीत गेला की थर कुणाला दिसायचा नाही. सोलायला लागायला कदाचित वीस वर्षे लागतील, कदाचित पन्नास. तोवर काका नसेल. मजुरी कापणाराही नसेल आणि मजुरी घेणाराही.

काका दगड बाजूला काढतो. तो तुकडे करून भिंतीच्या पोटात भरायच्या मालात जाईल. जाड भिंतीला आतून आणि बाहेरून घडीव दगडाचे तोंड असते, मधल्या पोकळीत कपच्या आणि चुना. मुलाचे चार दिवस तिथे गाडले जातात.

शापाचे उत्तर मला इथे दिसते. उशीर, झोप, जेवणाची वेळ यांवर घंटा आणि मजुरीची कात्री पुरेशी होती. पण पाथरवटाची सगळ्यांत मोठी लबाडी अशी होती की ती पकडली जाण्याआधी सगळे साक्षीदार मरून जात. म्हणून तिच्यासाठी मेल्यावरही हिशेब मागणारा साक्षीदार लागे. १३७० चे नियम सांगतात की नव्या पाथरवटाचे काम आधी आठवडाभर किंवा जास्त पारखावे, मग मंडळाच्या कामावरच्या अधिकाऱ्यांनी आणि मुख्य पाथरवटाने एकमताने त्याला घ्यावे, आणि त्याने धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी की मी कपट, ढोंग किंवा फसवणूक न करता काम करीन. शपथेतले हे शब्द वेळेच्या नियमांपेक्षा कितीतरी मोठे आहेत. वेळेत ढोंग करता येते थोडे. दगडात करता येते फार.

त्या मुलासाठी प्रार्थना ही कामापासून वेगळी काढलेली गोष्ट नव्हतीच. नवा पूर्व भाग जुन्या चर्चच्या पलीकडे उभा राहत होता, त्यामुळे आत धर्मगुरूंचे गायन चालू असे आणि बाहेर कुऱ्हाडी. दिवसाच्या प्रार्थनांच्या घंटा त्याला पडवीत ऐकू येत. लॅटिन त्याला कळत नसे. प्रभूची प्रार्थना आणि नमो मारिया पाठ असत. पण थोर्सबी यांनी १३५७ मध्ये धर्माच्या मूळ शिकवणुकीचे एक पुस्तक लोकांच्या इंग्रजीत करवून घेतले होते, आणि धर्मगुरूंनी ते लोकांना समजावून सांगावे अशी त्यांची आज्ञा होती. दहा आज्ञा, सात संस्कार, सात महापापे मुलाने अशी मातृभाषेत ऐकली. "चोरी करू नको" ही आज्ञा काकाने त्याला उलट्या बसवलेल्या दगडावर लावून दाखवली असेल, असे मला वाटते.

पाथरवटांच्या त्या हस्तलिखितांपैकी एक पद्यात आहे. त्यात भूमितीचा मोठेपणा आहे, गुरू-शिष्यांची कर्तव्ये आहेत, आणि शेवटी चर्चमध्ये कसे वागावे हेही आहे: आत येताना पवित्र जल घ्यावे, दोन्ही गुडघे टेकावेत, मिस्साच्या मुख्य क्षणी घंटा वाजली की हात वर करावेत. कारागिरांच्या नियमांत हे कशाला, असे आज वाटते. त्यांना तसे वाटले नाही.

नोव्हेंबर आला की भिंतीवर दगड रचणारे पाथरवट घरी जातात. चुन्याचा गिलावा हवेतला वायू शोषून हळूहळू घट्ट होतो; तो ओला असताना गारठा पडला तर आतले पाणी गोठते आणि सांधा भुसभुशीत होतो. म्हणून अर्धवट भिंतींचे माथे गवताने झाकतात, आणि बांधकाम वसंतापर्यंत थांबते. घडाई करणारे पडवीत चालूच राहतात. हिवाळ्यात घडवलेले दगड वसंतात चढतात.

हिवाळ्यातच मुलगा पहिल्यांदा वर जातो, आराखड्यांच्या खोलीत. सभागृहाकडे जाणाऱ्या मार्गाच्या वरच्या मजल्यावर ही खोली आजही आहे. तिच्या जमिनीवर जिप्समचा लेप आहे आणि त्यावर कंपास आणि अणकुचीदार हत्याराने ओरखडलेल्या शेकडो रेषा, एकावर एक. मुख्य पाथरवट खिडकीची कमान आणि तिच्यातली जाळी इथे खऱ्या मापात काढी. रेषेवरून पातळ लाकडी फळीचे फर्मे कापत, आणि फर्मा दगडाच्या दोन्ही टोकांना लावून त्याची कड ओरखडली की पाथरवटाला मधला भाग किती काढायचा ते कळे. विसाव्या शतकात अभ्यासकांनी या रेषा तपासल्या, तेव्हा त्यांतला एक आराखडा याच पूर्व भागातल्या खिडकीशी जुळला. खोलीत शेकोटीही आहे. आराखडा काढणाऱ्या हाताला बधिर होऊन चालत नाही.

कमानीपाशी मुलाला कळते की "झोपलेला दगड" हा नियमही सरसकट नाही. कमानीत जोर सरळ खाली जात नाही, वळत वळत जातो. तेव्हा प्रत्येक दगडाचे थर त्या जोराला आडवे यावेत असे फिरवायचे. आणि भिंतीबाहेर झुकलेल्या छज्जाच्या दगडात थर उभे ठेवतात, पण त्यांच्या कडा बाहेर येतील असे. आडवे ठेवले तर खालचे पान निराधार असल्याने गळून पडेल. नियम एकच आहे: पाने मिटलेली राहिली पाहिजेत.

१३७३ च्या नोव्हेंबरमध्ये थोर्सबी वारले. पूर्व भाग तोवर बहुतेक उभा राहिला होता, पण त्यांचे पैसे थांबले आणि कामाचा वेग मंदावला. १३७७ मध्ये आपल्या मुलाची सात वर्षे भरतात. कायद्याने १३५१ पासून घडीव दगडाच्या उस्ताद पाथरवटाची मजुरी दिवसाला चार पेनी आणि साध्या पाथरवटाची तीन पेनी अशी बांधली होती. त्या तीन पेनींसाठी तो आठवडाभराच्या पारखणीला उभा राहतो, ग्रंथावर हात ठेवतो, शपथ घेतो. मग बहुधा काम शोधायला दुसऱ्या गावी जातो, कारण यॉर्कला पुढचा मोठा टप्पा सुरू व्हायला अजून वर्षे होती. त्याने उभ्या केलेल्या भिंतीतली भव्य पूर्व खिडकी १४०८ पर्यंत अपुरीच होती. त्या वर्षी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्न्टनने तिच्यातले रंगीत काचकाम पूर्ण केले. संपूर्ण कॅथीड्रलचा अर्पणविधी झाला तो १४७२ मध्ये.

पुढे कोळशाच्या धुराने या दगडाचे फार नुकसान केले. धुरातल्या गंधकाच्या आम्लाने मॅग्नेशियमचे क्षार तयार होतात आणि दगड आतून पोखरतो. त्यापुढे थर बरोबर असूनही इलाज नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच पूर्व भिंतीची मोठी दुरुस्ती झाली, आणि खिडकीसह ती २०१८ मध्ये पूर्ण झाली. खराब झालेले दगड काढून नवे घडवून बसवले. कॅथीड्रलची स्वतःची दगडशाळा आजही चालू आहे, आणि तिथे आजही शिकाऊ पाथरवट घेतात. यॉर्कला जाणे झाले तर पूर्वेच्या भिंतीपाशी जाऊन फिकट, नव्या दगडांच्या शेजारचे जुने दगड जरूर पाहा. साडेसहाशे वर्षांनंतरही ज्याच्या कडा शाबूत आहेत, त्याचा थर कुणीतरी पाणी लावून पाहिला होता.